पाच बिंदू, दहा वाटा

लाइपझिगचे गणितज्ञ मोबियस १८४०च्या सुमारास विद्यार्थ्यांना एक कोडं घालत. एका राजाला पाच मुलगे. त्याच्या मृत्युपत्रात अट अशी, की राज्याचे पाच तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याची हद्द उरलेल्या चारही तुकड्यांना भिडली पाहिजे. पुढे हाइनरिख टीट्झे यांनी या गोष्टीला आणखी एक अट जोडली: पाचही भावांचे वाडे एकमेकांशी थेट रस्त्यांनी जोडायचे, पण कुठलाही रस्ता दुसऱ्याला ओलांडून जाता कामा नये. दोन्ही कामं अशक्य आहेत. भाऊ भांडखोर होते म्हणून नव्हे, तर सपाट कागदावर तशी मांडणी होऊच शकत नाही म्हणून.

पाच बिंदू घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडलं की दहा रेघा होतात. या जाळ्याला गणितात K₅ म्हणतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा अशा कुठल्याही जाळ्याला ग्राफ हे नाव आहे. रेघांनी एकमेकींना न छेदता तो कागदावर काढता आला, तर तो प्रतलीय. रेघा सरळच हव्यात असं नाही. हव्या तितक्या वाकवा, बिंदू हवे तिथे सरकवा.

नेमकी इथेच पंचाईत होते. एखादा ग्राफ प्रतलीय आहे हे दाखवायला एक चित्र पुरतं. पण तो प्रतलीय नाही हे कसं दाखवायचं? ‘मी खूप प्रयत्न केले, जमलं नाही’ याला पुरावा म्हणत नाहीत. एखादी रेघ शेजारच्या गल्लीतून वळवली असती तर कदाचित जमलं असतं, ही शंका उरतेच.

K₅पुरती ही शंका ऑयलरच्या सूत्राने मिटते. एकसंध ग्राफ न छेदता कागदावर काढला की रेघांमुळे कागदाचे काही भाग पडतात. बाहेरची मोकळी जागा हाही त्यातलाच एक भाग धरायचा. मग बिंदूंच्या संख्येतून रेघांची संख्या वजा करून त्यात भागांची संख्या मिळवली, की उत्तर नेहमी २ येतं. समजा K₅ तसा काढता आला. बिंदू ५, रेघा १०, म्हणजे भाग ७ पडले पाहिजेत. दोन बिंदूंमध्ये एकच रेघ असल्यामुळे प्रत्येक भागाला कमीत कमी तीन रेघांचं कुंपण लागतं. सात भागांना मिळून कुंपणाच्या निदान २१ बाजू हव्यात. पण प्रत्येक रेघेला बाजू दोनच, म्हणजे दहा रेघांच्या सगळ्या मिळून २०. एक बाजू कमी पडते. एवढ्या एका बाजूने K₅ कागदावर बसत नाही, आणि रेघा कितीही वाकवल्या तरी या हिशोबात फरक पडत नाही.

हा हिशोब मोठ्या ग्राफलाही लावता येतो, पण तिथे तो बहुतेकदा काही बोलतच नाही. एक उदाहरण घेऊ. वर्तुळावर १ ते ८ असे आठ बिंदू ओळीने मांडा आणि शेजारच्यांना जोडत परीघ पूर्ण करा. मध्यभागी एक बिंदू ठेवा, त्याला ‘म’ म्हणू, आणि त्याच्यापासून आठही बिंदूंकडे आरे काढा. इथवर हे चाक झालं, आणि चाक निर्धास्तपणे प्रतलीय असतं. आता त्यात दोन जादा रेघा घाला: एक १ ते ५ आणि दुसरी ३ ते ७.

पहिली रेघ चाकाच्या बाहेरून फिरवून नेता येते. दुसरी मग अडते. बाहेरून न्यावी तर १-५ आडवी येते, आतून न्यावी तर आरे. मात्र ‘म’लाच बाहेर काढून सगळं चित्र वेगळं मांडलं तर? आणि मोजणी काय सांगते? बिंदू ९, रेघा १८, म्हणजे भाग ११ पडावेत. त्यांना कुंपणाच्या ३३ बाजू पुरतात आणि आपल्याकडे ३६ आहेत. मोजणीला काहीच आक्षेप नाही. ती आक्षेप घेत नाही म्हणजे परवानगी देते, असं समजण्याची घाई मात्र करू नये. हा ग्राफ प्रतलीय नाहीच.

ते सिद्ध करायला पोटात दडलेला K₅ शोधावा लागतो. तो उघडा क्वचितच सापडतो. आपल्या ग्राफमध्ये असे पाच बिंदू नाहीतच, की जे सगळे एकमेकांना थेट जोडलेले आहेत. पण थेट रेघेची गरजही नाही. रेघेच्या मध्ये एक-दोन बिंदू पेरले तर ती रेघ न राहता वाट होते, इतकंच. K₅च्या रेघांवर असे बिंदू पेरून जो ग्राफ तयार होतो त्याला K₅चा उपविभाग म्हणतात. त्यात पाच मुख्य बिंदू असतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येक जोडीला जोडणाऱ्या मिळून दहा वाटा असतात. अट एकच, पण कडक: दोन वाटा फक्त मुख्य बिंदूंपाशीच भेटू शकतात. वाटेतला बिंदू दोन वाटांनी वाटून घ्यायचा नाही.

असा उपविभाग हाती लागला की पुरावा पूर्ण झाला. कारण मूळ ग्राफ छेद न देता काढता आला असता, तर त्या चित्रातल्या नको असलेल्या रेघा पुसून टाकता आल्या असत्या. पुसल्याने नवा छेद तयार होत नाही. मग वाटांमधले पेरलेले बिंदू खोडले असते, तर प्रत्येक वाट ही एक वाकडीतिकडी रेघ झाली असती. उरलं असतं ते K₅चं छेद नसलेलं चित्र. तसं चित्र असूच शकत नाही, हे एका कमी पडलेल्या बाजूने आधीच सांगितलं आहे.

आता शोध. सुरुवात बिंदूंच्या डिग्रीपासून करायची, म्हणजे प्रत्येक बिंदूला किती रेघा लागतात ते मोजायचं. K₅च्या मुख्य बिंदूपासून चार वाटा निघतात, म्हणून चारपेक्षा कमी रेघांचा बिंदू मुख्य होऊ शकत नाही. आपल्या चाकात ‘म’ला आठ रेघा आहेत. १, ३, ५, ७ यांना प्रत्येकी चार: दोन परिघावरच्या, एक आरा, एक जादा रेघ. २, ४, ६, ८ यांना मात्र तीनच. उमेदवार नेमके पाच उरले. निवड करायचीच राहिली नाही.

वाटाही जवळजवळ आपोआप ठरतात. बिंदू १ला चारच रेघा असल्यामुळे त्या चारही वापराव्या लागणार. एक थेट ५कडे जाते, एक थेट ‘म’कडे. तिसरी २कडे जाते. २पासून पुढे ३ किंवा ‘म’ एवढेच पर्याय आहेत, आणि ‘म’शी जोडणी आधीच झाली आहे. म्हणून ही वाट १-२-३ अशी जाते. त्याच न्यायाने चौथी ७-८-१ होते. असंच पुढे गेलं की परिघावर ३-४-५ आणि ५-६-७ मिळतात, ३-७ ही जादा रेघ मिळते आणि ‘म’पासून १, ३, ५, ७ यांच्याकडे जाणारे चार आरे मिळतात. परिघावरच्या चार वाटा, दोन जादा रेघा, चार आरे, अशा दहा वाटा झाल्या. वाटेत पेरलेले बिंदू २, ४, ६, ८, आणि प्रत्येक एकाच वाटेत आला आहे. २, ४, ६, ८कडे जाणारे चार आरे वापरलेच नाहीत. ते पुसून टाकायचे.

अशा पुराव्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो तपासायला शोधणाऱ्याची हुशारी लागत नाही. दहा वाटा कागदावर लिहून द्या. प्रत्येक रेघ ग्राफमध्ये खरंच आहे का, आणि कुठला बिंदू दोनदा वापरला गेला का, एवढं कोणीही पाहू शकतं.

चूक होते ती बहुतेक वेळा त्या दुसऱ्या तपासणीत. समजा आपल्या ग्राफमध्ये ३-७ ही रेघ नसतीच. उत्साहाच्या भरात कोणी म्हणेल, ३पासून ७ला ‘म’मार्गे जाता येतं की! किंवा परिघावरून, ३-४-५-६-७. पण ‘म’ आणि ५ हे स्वतः मुख्य बिंदू आहेत, त्यांच्या पोटातून वाट काढता येत नाही. तशी मुभा दिली तर जो ग्राफ मजेत प्रतलीय आहे, तोही अप्रतलीय ‘ठरतो’; कारण ३-७ काढली की १-५ बाहेरून फिरवून सगळं चित्र छेदाविना काढता येतंच. ही गफलत डिग्रीवरूनच पकडता येते: ३-७ नसताना ३ आणि ७ यांना तीनच रेघा उरतात, म्हणजे ते मुख्य बिंदू होऊच शकत नाहीत.

पण K₅ सापडला नाही, तर ग्राफ प्रतलीय का? नाही. दुसराही एक गुन्हेगार आहे: तीन घरं आणि तीन सोयी यांच्या जुन्या कोड्यातला, ज्यात प्रत्येक घराला पाणी, गॅस आणि वीज स्वतंत्र नळ्यांनी पोचवायची असते. त्याचं नाव K₃,₃. पोलिश गणितज्ञ काझिमिएझ कुरातोव्स्की यांनी १९३०मध्ये दाखवून दिलं की या दोघांव्यतिरिक्त तिसरा गुन्हेगार नाही. प्रत्येक अप्रतलीय ग्राफच्या पोटात K₅चा किंवा K₃,₃चा उपविभाग असतोच. दोन्हींपैकी एक सापडला तर अप्रतलीय हे सांगणं सोपं आहे, वर पाहिलंच. नसेल तर चित्र नक्की काढता येतं, हे सिद्ध करणं हे खरं अवघड काम होतं.

या दुसऱ्या गुन्हेगाराचं महत्त्व पीटरसनच्या ग्राफमध्ये दिसतं. बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी, आणि बाहेरचा प्रत्येक बिंदू आतल्या जोडीदाराशी जोडलेला. बिंदू १०, रेघा १५. जोडणाऱ्या पाच रेघा आकसवून प्रत्येक जोडीचा एकच बिंदू केला की समोर साक्षात K₅ येतो. आकसवण्याने नवा छेद येत नाही, त्यामुळे ग्राफ अप्रतलीय आहे हे यावरूनही सिद्ध होतं. १९३७मध्ये क्लाउस वाग्नर यांनी मांडलेली कसोटी हीच. तरीही या ग्राफमध्ये K₅चा उपविभाग शोधणारा जन्मभर शोधत बसेल, कारण तिथल्या प्रत्येक बिंदूला तीनच रेघा आहेत. तिथे K₃,₃च शोधावा लागतो.

आणि आपल्या चाकातही तो आहे. आपण पुसून टाकलेला ‘म’-२ हा आरा परत आणा. एका बाजूला २, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला ‘म’, १, ३ ठेवा. २पासून तिघांकडेही थेट रेघ आहे. ५पासून ‘म’ आणि १कडे थेट, ३कडे ४मार्गे. ७पासून ‘म’ आणि ३कडे थेट, १कडे ८मार्गे. नऊ वाटा पूर्ण झाल्या, आणि बिंदू ६ला तर हातही लावावा लागला नाही.