पैसे गेले, की गेलेच नाहीत?

मोबाइलवरून पैसे देण्याची युपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली, आणि जो व्यवहार पूर्वी हातातली नोट पुढे केल्याने पुरा होत असे तो आता पडद्यावर हिरवी खूण उमटल्याने पुरा होऊ लागला. ती खूण उमटते तेव्हा ॲपच्या रचनाकाराला फारसे काही करावे लागत नाही. त्याच्या कौशल्याची कसोटी लागते ती खूण उमटत नाही तेव्हा, किंवा व्यवहारांची यादी उघडावी आणि समोर कोरी जागा यावी तेव्हा. अशा प्रसंगी पडद्याने काय सांगावे, या प्रश्नाचे माझ्या मते एकच उत्तर आहे: ॲपला त्या क्षणी जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि त्या माहितीच्या आधारे जे पाऊल निर्धोकपणे टाकता येईल तेवढेच माणसापुढे ठेवावे. उत्तर सोपे दिसले तरी ते अमलात आणताना पुष्कळ खोलात जावे लागते, म्हणून एक व्यवहार सावकाश तपासून पाहू.

पुण्याच्या तुळशीबागेत एका गृहिणीने स्टीलचे डबे घेतले आणि १० तारखेच्या सायंकाळी दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करून ६४० रुपये भरले, पिनही बरोबर दिला, असे समजू. येथून पुढे तिच्या मोबाइलच्या बाहेर बरेच काही घडते. ॲपची विनंती राष्ट्रीय देयके महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, यंत्रणेकडे जाते. ती यंत्रणा तिच्या बँकेला रक्कम खात्यातून वजा करण्यास सांगते. वजा झाल्याचा जबाब आला की दुकानदाराच्या बँकेला रक्कम जमा करण्यास सांगते. आणि तिचाही जबाब आल्यावर अंतिम निकाल उलट वाटेने ॲपपर्यंत पोहोचतो. आता गल्लीत नेटवर्क गेले, ॲपने आपल्यापुरती तीस सेकंदांची मुदत ठेवलेली होती आणि ती टळली. या घटकेला ॲपला काय ठाऊक आहे? विनंती गेली आणि जबाब आला नाही, एवढेच. रक्कम वजा झाली असेल किंवा नसेल, जमा झाली असेल किंवा नसेल. त्याविषयी ॲपपाशी काहीही पुरावा नाही.

तरीही कित्येक ॲपांत अशा वेळी लाल फुली काढून ‘व्यवहार अयशस्वी’ असे जाहीर केले जाते, कारण लिहिणाऱ्या प्रोग्रामरने मुदत टळणे आणि नकार मिळणे या दोन्ही घटना एकाच खात्यात टाकलेल्या असतात. काही ठिकाणी ‘काहीतरी चूक झाली’ असे वाक्य आणि त्याखाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे ठळक बटण असते. पहिल्या पडद्यावर जे सांगितले जाते ते खोटे ठरू शकते. दुसऱ्यावर जे करायला सांगितले जाते त्याने नुकसान होऊ शकते. युपीआयमध्ये पुन्हा पैसे पाठवणे म्हणजे पुन्हा पिन देणे आणि नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार. पहिला व्यवहार मागाहून पुरा झाला तर डब्यांचे ६४० रुपये दोनदा जातात. आणि ती बाई गोंधळली म्हणून तिला दोष देण्याचे काहीच कारण नाही, कारण तिने पडद्यावर छापलेल्या हुकमाचीच तामिली केलेली असते.

या ठिकाणी तिसरी अवस्था मान्य करावी लागते: यशस्वी, अयशस्वी आणि निकाल प्रलंबित. प्रलंबित अवस्थेला लाल रंग देऊ नये आणि हिरवाही देऊ नये. पण केवळ पिवळा दिल्याने भागत नाही, कारण रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्याला तो काहीच सांगत नाही. मजकूर असा असावा: ‘दुकानदाराला पाठवलेल्या ६४० रुपयांचा निकाल अजून कळलेला नाही. पैसे पुन्हा पाठवू नका.’ मुख्य बटण ‘स्थिती तपासा’ हे. त्या बटणाने नवा व्यवहार सुरू होता कामा नये. प्रारंभी दिलेल्या क्रमांकाच्याच व्यवहाराची चौकशी व्हावी. ॲपने स्वतःही ही चौकशी अधूनमधून करावी आणि निकाल आला की सूचना द्यावी, म्हणजे दुकानाच्या दारात मोबाइलकडे टक लावून उभे राहण्याची पाळी येत नाही. त्याखाली बँक ज्यावरून व्यवहार शोधते तो बारा अंकी संदर्भ क्रमांक, बोट ठेवताच उतरवून घेता येईल असा. आणि दुकानदार समोरच उभा असल्यामुळे एक साधी ओळ: ‘त्यांच्या खात्यात जमा झाले आहेत का, विचारून पहा.’

यापुढची शंका साहजिक असते: पैसे अडकलेच तर परत कधी मिळतील? रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये याची मुदत ठरवून दिलेली आहे. खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदाराकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यावी. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा करता आली नाही, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावी. आणि मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. हा नियम पुष्कळ ॲपांत कोठेतरी अटी-शर्तींच्या पानावर, बँकवाल्यांच्या सांकेतिक भाषेत पडलेला असतो. माझे आग्रहाचे म्हणणे असे की त्याची जागा याच पडद्यावर आहे, आणि तोही दिवसांच्या हिशेबात न देता तारखेच्या रूपात द्यावा: ‘रक्कम वजा होऊनही दुकानदाराला मिळाली नसेल, तर १५ तारखेपर्यंत ती तुमच्या खात्यात परत यावी. न आल्यास येथून तक्रार करा.’ हिशेब यंत्राला क्षणात करता येतो. तो माणसावर टाकण्यात काहीच हशील नाही. तक्रारीचे बटणही १५ तारीख उलटल्यावर ठळक व्हावे, त्याआधी दुय्यम असावे.

आता निकाल आला आणि तो नकारच निघाला, असे धरू. नकारासोबत यंत्रणा एक संकेतांक पाठवते: ZM म्हणजे पिन चुकला, Z9 म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, U30 म्हणजे रक्कम वजा करता आली नाही. यांचे नुसते भाषांतर छापून भागत नाही; इलाज कोणाच्या हाती आहे, हे प्रथम ठरवावे लागते. पिन चुकला असेल तर तो देणाऱ्याच्याच हाती आहे, म्हणून ‘पिन पुन्हा टाका’ हे बटण, आणि सारखा चुकल्यास बँक पिन अडवून ठेवते म्हणून त्याशेजारी ‘पिन विसरलात?’ ही वाट. रक्कम कमी पडली तर ‘दुसऱ्या खात्यातून द्या’. U30 च्या बाबतीत मात्र कारण पुरेसे उघड होत नाही, आणि तेथे रचनाकाराने तर्क लढवण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘बँकेने रक्कम वजा केली नाही. तुमचे पैसे खात्यातच आहेत’ एवढे सांगून दुसरे खाते किंवा रोख हा पर्याय सुचवावा. संकेतांक खाली बारीक अक्षरांत राहू द्यावा. मदत केंद्रातल्या माणसाला तो लागतो. या प्रत्येक पडद्यावर पैशाची स्थिती आधी आणि कारण नंतर यावे, कारण वाचणाऱ्याची पहिली चिंता पैशाची असते.

रात्री तीच गृहिणी जमाखर्च लिहिण्यासाठी व्यवहारांची यादी उघडते आणि पडद्यावर ‘एकही व्यवहार नाही’ असे दिसते. येथेही मूळ दोष तोच, फक्त अधिक सोज्वळ रूपात. कचेरीतला कारकून ‘नोंद नाही’ म्हणतो तेव्हा नोंद खरोखरच झालेली नसेल, आपण भलत्या सालाचे दप्तर काढायला सांगितले असेल, किंवा दप्तरखान्याला कुलूप असल्यामुळे त्याने पाहिलेलेच नसेल. आणि अर्जदाराने पुढे काय करायचे ते या तिन्ही प्रसंगी निरनिराळे असते.

ॲप नवे आहे आणि खरोखरच काही नाही, तर ‘तुम्ही दिलेले आणि मिळालेले पैसे येथे दिसतील’ असे सांगून क्यूआर स्कॅन करण्याचे बटण द्यावे. शोधात काही सापडले नाही, तर कशात सापडले नाही ते सांगावे: ‘मार्च महिन्यात “दूध” या नावाचा व्यवहार नाही’, आणि बटण ‘सर्व महिने पहा’. कारण दोन आठवड्यांपूर्वी लावलेली महिन्याची चाळणी माणूस विसरलेला असतो आणि सगळ्या नोंदी नाहीशा झाल्याच्या भीतीने ॲप काढून टाकून पुन्हा बसवतो. यादी आणताच आली नाही, तर ‘यादी आणता आली नाही’ असे स्पष्ट म्हणून मोबाइलमध्ये साठवलेली जुनी यादी दाखवावी आणि तिच्या माथ्यावर ‘काल रात्री ९.१० पर्यंतची’ असा शेरा मारावा.

तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचे रूप येते ते एका अगदी छोट्या कारणाने. यादी आणण्याचे काम फसले असता ॲप कोसळू नये म्हणून प्रोग्रामर त्या जागी रिकामी यादी परत करतो; पडद्याला शून्य नोंदी मिळतात आणि तो निःशंक मनाने शून्य जाहीर करतो. चूक आणि अभाव यांतला भेद पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट झालेला असतो, आणि मग मजकूर लिहिणाऱ्याने कितीही सुंदर वाक्य लिहिले तरी ते चुकीच्या जागी छापले जाते. म्हणून यादीबरोबर तिची अवस्थाही पाठवावी: आणत आहे, आणली, आणली पण रिकामी, आणता आली नाही. हे काम रचनाकार आणि प्रोग्रामर यांनी एका टेबलाशी बसून ठरवायचे आहे.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. ज्या खात्यात जुने व्यवहार आहेत त्याचे ॲप बंद करावे, साठवलेली यादी पुसावी, मोबाइल एरोप्लेन मोडमध्ये घालावा आणि यादी उघडावी. ‘एकही व्यवहार नाही’ आले तर दोष सिद्ध झाला. मग एरोप्लेन मोड काढून ज्या वायफायला पुढे इंटरनेट नाही त्याला जोडावे. ही परीक्षा अधिक कठोर आहे, कारण मोबाइल ‘जोडलेले आहे’ असे सांगतो आणि ॲप त्या शब्दावर विसंबून गोल चक्र अखंड फिरवीत बसते. अँड्रॉइडवर खाली क्षणभर उमटणाऱ्या टोस्ट नावाच्या पट्टीवरही लक्ष ठेवावे: तिची लांबातली लांब मुदत साडेतीन सेकंदांची, आणि तेवढ्यात वृद्ध माणसाचा चष्मादेखील डोळ्यावर येत नाही, म्हणून पैशांविषयीची सूचना तेथे कधीही देऊ नये. शेवटी मोबाइलची अक्षरे सर्वांत मोठी करून प्रत्येक पडदा मराठीत पुन्हा पाहावा. रिकाम्या पडद्यावर हौसेने काढलेले मोठे चित्र अशा वेळी निम्मी जागा व्यापते, मजकूर खाली रेटला जातो, आणि ‘सर्व महिने पहा’ हे बटण पडद्याच्या कडेपलीकडे जाऊन दिसेनासे होते; तेव्हा ते चित्र काढून टाकावे आणि बटण मजकुराच्या लगत आणावे.