कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणण्याआधी

एसीचा कॉम्प्रेसर गेला, असं मेकॅनिक म्हणाला, तर होकार देण्याआधी त्याला मल्टिमीटर लावायला सांगा. एमसीबी बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायरी काढायच्या. इन्व्हर्टर नसलेल्या घरगुती एसीत कॉमन-रनिंग २ ओहम आणि कॉमन-स्टार्टिंग ४ ओहम आले, तर रनिंग-स्टार्टिंग ६ यायला हवेत. बेरीज जुळली, म्हणजे वाइंडिंग तुटलेलं नाही. कॉमनवरून काहीच येत नाही, पण रनिंग-स्टार्टिंग ६ दाखवतं? मग बहुधा आतला ओव्हरलोड तापून उघडलेला असतो. काही तास थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. शेवटी प्रत्येक टर्मिनल आणि घासून स्वच्छ केलेली तांब्याची नळी यांच्यात मोजा. तिथे थोडेच ओहम दिसले, तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे. कॉम्प्रेसर बदलावाच लागेल. मात्र कमकुवत झालेलं इन्सुलेशन मल्टिमीटरला सहसा कळत नाही, त्यासाठी मेगरच लागतो.