निफ्टी वर, शेअर मात्र खाली

२८ ऑगस्ट २०१८ रोजी निफ्टी ११,७३८ वर बंद झाला. तोपर्यंतचा तो विक्रमच होता. तरीही अनेक छोट्या गुंतवणूकदारांचा पोर्टफोलिओ तोट्यात होता, कारण मिडकॅप आणि स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारीतल्या शिखरांच्या खालीच राहिले होते. तेजी मोजक्या बड्या कंपन्यांपुरती उरली होती.

असे होते ते निफ्टीच्या रचनेमुळे. त्यात ज्या कंपनीचे फ्री-फ्लोट बाजारमूल्य मोठे, तिचे वजन जास्त. समजा, ४० टक्के वजनाचे पाच शेअर २ टक्के वधारले आणि उरलेले ४५ शेअर ०.७ टक्के घसरले. पाच शेअरांमुळे ०.८ टक्के भर पडली, बाकीच्यांमुळे ०.४२ टक्के घट झाली. निफ्टी ०.३८ टक्के वर दिसेल आणि संध्याकाळी ‘बाजार तेजीत’ अशी बातमी येईल. घसरलेल्या ४५ शेअरांचा त्यात उल्लेखही नसेल.

म्हणून बाजार बंद झाल्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला, किती शेअर वाढले आणि किती घसरले. यात प्रत्येक कंपनीला एकच मत. एका दिवसाची बेरीज फारशी बोलकी नसते. वाढलेल्यांतून घसरलेले वजा करून तो फरक रोज कालच्या बेरजेत मिळवत गेले की एक रेषा तयार होते, आणि तिचा कल पाहण्याजोगा असतो. निफ्टी नवा उच्चांक गाठतोय आणि ही रेषा खाली झुकतेय, तर तेजीतले सोबती गळत आहेत.

दुसरा आकडा, निफ्टी ५०० मधले किती टक्के शेअर आपापल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत. निर्देशांक चढत असताना हे प्रमाण ७० वरून ५० वर आणि पुढे ४० वर घसरत असेल, तर मला ती चिंतेची गोष्ट वाटते.

यावरून घसरणीची तारीख मात्र कळत नाही. विसंगती कित्येक महिने टिकू शकते. २०१८ मध्ये सप्टेंबरात आयएल अँड एफएसचे संकट उघड झाले आणि ऑक्टोबरअखेर निफ्टी दहा हजारांच्या जवळ आला. ते संकट या आकड्यांनी आधी सांगितले नव्हते. बाजाराचा पाया अरुंद झालाय, एवढेच ते सांगत होते.

उलट टोकाची गोष्टही तशीच. मार्च २०२० मध्ये बहुतेक शेअर सरासरीखाली गेले आणि तिथून बाजार लवकर सावरला. २००८ मध्ये मात्र अशी अवस्था कित्येक महिने रेंगाळली. केवळ कमी प्रमाण पाहून खरेदीला धावणे त्यामुळे धोक्याचे.

हे प्रमाण स्वतः काढणाऱ्यांनी आणखी एक जपावे. एखाद्या शेअरचे पाच भागांत विभाजन झाले की भाव एका दिवसात पाचव्या हिश्श्यावर येतो. जुने भाव त्या प्रमाणात बदलून घेतले नाहीत, तर चांगला शेअरही कित्येक महिने सरासरीखाली पडलेला दिसतो.