विमानात नेताना तेलाची बाटली

विमानात तेलाची बाटली गळते ती मुख्यतः तिच्यातल्या हवेमुळे. आकाशात उंचावर गेल्यावर विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच तो राहतो. बाटलीत जमिनीवर कोंडलेली हवा त्या वेळी फुगू पाहते आणि टोपण सैल असेल तर बाहेर पडण्याची वाट शोधते. बाटली आडवी असेल, तर हवेऐवजी टोपणाजवळचे तेल ढकलले जाते.

याचा हिशेब सोपा आहे. तीस मिलीच्या बाटलीत दहा मिली निलगिरी तेल उरले असेल, तर वर वीस मिली हवा असते. दाब तीन चतुर्थांशावर आला की त्या हवेला सुमारे सत्तावीस मिली जागा हवी असते, म्हणजे जवळजवळ सात मिली जादा. तेच तेल दहा मिलीच्या लहान बाटलीत ओतले आणि वर जेमतेम एक मिली जागा ठेवली, तर फुगणारी हवा अर्ध्या मिलीपेक्षाही कमी जादा जागा मागते. म्हणून अर्धवट रिकामी मोठी बाटली नेण्यापेक्षा जवळपास भरलेली लहान बाटली नेणे चांगले. मात्र ती काठोकाठ भरू नये. उष्णतेने तेल स्वतःही थोडे प्रसरण पावते.

बाटली कशाची आहे, यालाही महत्त्व आहे. निलगिरी, लवंग किंवा लिंबाचे सुगंधी तेल रबर फुगवते आणि काही प्लॅस्टिक मऊ करते. त्यामुळे रबरी फुग्याचे ड्रॉपर प्रवासासाठी योग्य नाही. गडद रंगाची काचेची बाटली, तोंडाशी थेंब सोडणारी बारीक खुटी आणि घट्ट फिरकीचे टोपण हा सर्वांत खात्रीचा संच. नारायण तेलासारखे तिळाच्या तेलात सिद्ध केलेले तेल जाड प्लॅस्टिकच्या बाटलीतही चालते. अशी बाटली किंचित दाबून टोपण लावले, तर आतली हवा फुगताना तिला जागा मिळते.

भरल्यानंतर बाटलीची परीक्षा घरीच करावी. टोपण लावून ती रात्रभर कागदावर उलटी ठेवावी. सकाळी नारायण तेलाचा पारदर्शक डाग दिसला, तर टोपण बदलावे. निलगिरीचा डाग उडून जातो, म्हणून तिथे फिरकीचे आटे बोटाने चाचपून ओलसरपणा पाहावा. नुसत्या वासावरून गळती ठरवता येत नाही, कारण सुगंधी तेलाची वाफ पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही बाहेर येते. शेवटी आट्यांवर नळदुरुस्तीची पांढरी टेप गुंडाळून टोपण बंद करावे, नावाच्या चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावावी, बाटली सुती कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवावी आणि सामानात उभी राहील अशी रचावी.

सुरक्षा तपासणीचा हिशेब वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानासाठी सर्वसाधारण नियम असा की, प्रत्येक बाटलीची क्षमता जास्तीत जास्त शंभर मिली असावी आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसाव्यात. आत किती तेल आहे हे पाहिले जात नाही. दोनशे मिलीच्या बाटलीच्या तळाशी पन्नास मिली तेल असले, तरी ती अडवली जाते. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे ही मर्यादा बदलली आहे, परंतु वाटेत विमान बदलायचे असेल, तर मार्गावरील सर्वांत कडक नियम धरूनच भरावे.

चेक-इन सामानात औषधे आणि प्रसाधने मिळून माणशी दोन लिटरपर्यंत नेता येतात. मात्र एकेक बाटली अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नसावी. ही मर्यादा आगीच्या धोक्यासाठी आहे. निलगिरी तेलाची वाफ सुमारे पन्नास अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, तर साठ अंश किंवा त्याखाली पेटणारे द्रव ज्वालाग्राही धरले जातात.

मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या एखाद्या प्रवाशाजवळ निलगिरी, दोनशे मिली नारायण तेल आणि दशमूलारिष्टाची साडेचारशे मिलीची बाटली आहे, असे समजू. निलगिरी दहा मिलीच्या काचेच्या बाटलीत भरून हातातल्या पिशवीत जाईल. नारायण तेल चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध राहील. अरिष्टात आंबवण्याने तयार झालेले थोडे मद्य असते, पण ते चोवीस टक्क्यांहून बरेच कमी असल्याने विमानाच्या नियमांत ज्वालाग्राही ठरत नाही. तेही चेक-इन बॅगेतच, कारखान्याचे सील न फोडता आणि छापील चिठ्ठीसह न्यावे. निनावी बाटलीतला तपकिरी द्रव काय आहे, हे तपासणाऱ्याला पटवणे कठीण जाते. मुक्कामी पोहोचल्यावर अत्तराच्या बाटलीचे टोपण हळू उघडावे, कारण आत दाब राहिला असेल तर पहिल्या फिरकीलाच थेंब उसळतो.