मंडळाचे जुने फोटो काढले जाणार असतील तर

'३१ मार्चला गुगल ड्राइव्हवरचे मंडळाचे जुने फोटो आणि फायली काढून टाकणार आहोत,' अशी सूचना ॲडमिनने दिली की अनेकांना वाटतं, आपल्याला तर ते फोटो दिसतात, म्हणजे ते आपल्याकडे आहेत. तसं नसतं. सामायिक फोल्डरमधली फाइल ज्या व्यक्तीने चढवली तिच्याच खात्यात असते आणि त्याच खात्यातल्या १५ जीबी मोफत जागेतून तिची जागा वजा होते. ही जागा जीमेललाही लागते, म्हणून फोटो ॲडमिनने चढवलेले असतील तर ती भरली की त्यांची मेलही अडते. सफाई त्यासाठीच असते.

समजा, तुम्हाला गणेशोत्सवाचं फोल्डर हवं आहे. 'Add shortcut' केलंत तर फक्त वाट दाखवणारी खूण मिळते. मूळ फोल्डर गेलं की ती निरुपयोगी. त्याऐवजी संगणकावर फोल्डरवर उजवी क्लिक करून 'Download' निवडा. झिप फाइल येईल. फोल्डर मोठं असेल तर अनेक झिप येतात. सगळ्या उतरल्याशिवाय खिडकी बंद करू नका. मग झिप उघडून फोटोंची संख्या मूळ फोल्डरशी ताडून पाहा, कारण अर्धवट उतरलेलं इथेच लक्षात येतं.

काढलेली फाइल मालकाच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, पण जागा मोकळी करायची असल्याने ॲडमिन ती पेटी लगेच रिकामी करू शकतात. त्या मुदतीवर विसंबू नका. हवे ते फोटो तारखेआधीच उतरवून घ्या.