३२०० लिहिलंय, १६०० दिसतंय

मावसभावाने लॅपटॉपमध्ये नवीन रॅम टाकून घेतली आणि रात्री फोन केला. "दादा, फसवलं रे मला. स्टिकरवर ३२०० लिहिलंय आणि CPU-Z मध्ये १६०० दाखवतंय. निम्मी गती!" दुकानदाराने त्याला फसवलं नव्हतं. दोन्ही आकडे खरे होते, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींचे होते.

रॅम आणि प्रोसेसर यांची देवघेव क्लॉकच्या ठेक्यावर चालते. क्लॉक म्हणजे एका तारेवरचं व्होल्टेज ठरावीक वेळाने वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. जुन्या एसडीरॅममध्ये फक्त चढत्या कडेला एक बिट घेतला जाई. उतरती कड वाया जाई. यात एक गंमत होती. डेटाच्या तारेवर ०, १, ०, १ असे बिट सलग आले तरी ती तार एका ठोक्यात एकदाच बदलते, क्लॉकची तार मात्र दोनदा. म्हणजे सगळ्यात जास्त धावपळ ज्या तारेवर, तिच्यावरून डेटा जातच नव्हता. डीडीआरने हा असमतोल मोडला: चढत्या कडेला एक बिट, उतरत्या कडेला दुसरा. मागावरचा धोटा जाताना एक धागा टाकतो आणि येतानाही एक टाकतो, तसं. म्हणून क्लॉक १६०० मेगाहर्ट्‌झचं, पण प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२०० दशलक्ष बिट. पत्ते आणि हुकूम मात्र अजूनही एकाच कडेवर जातात. स्टिकरवर मोठा आकडा छापतात, यात व्यापाऱ्याची थोडी चलाखी आहेच.

फुकटात दुप्पट मिळालं असं वाटतं, पण किंमत वेळेत मोजावी लागते. सुरुवातीच्या पिढीतल्या डीडीआर-४०० चा हिशेब मांडून बघू. क्लॉक २०० मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे एक ठोका ५ नॅनोसेकंदांचा आणि एका बिटाच्या वाट्याला २.५. पण क्लॉकचा वरचा आणि खालचा भाग अगदी सारखा कधीच नसतो. एक बाजू ४५ टक्क्यांपर्यंत आखूड असलेली चालते. एकाच कडेवर काम चालायचं तेव्हा याची फारशी फिकीर नव्हती, कारण एका चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंतचं अंतर तेवढंच राहायचं. आता मात्र आखूड बाजूच्या बिटाला २.२५ नॅनोसेकंदच मिळतात. त्यातून एका गटातल्या तारांनी मागेपुढे पोहोचण्यापोटी ०.४ जातात आणि बिट आधीच बदलू लागण्यापोटी ०.५. उरले १.३५. हेही चिपच्या पायापाशी. पुढे स्लॉट आणि बोर्ड आपापला वाटा घेतातच.

इतक्या अरुंद खिडकीत दूरच्या मुख्य क्लॉककडे बघून बिट टिपणं जमत नाही. म्हणून डीडीआरमध्ये साधारण दर आठ डेटा-तारांबरोबर स्ट्रोब नावाचा एक सोबती धावतो. वाचताना रॅम डेटा आणि स्ट्रोब एकदमच सोडते, दोघांच्या कडा जुळलेल्या. पण कड जिथे बदलते तिथेच बिट टिपला तर चूक ठरलेली. म्हणून मेमरी कंट्रोलर स्ट्रोबला पाव ठोका उशीर करून खिडकीच्या मध्यावर आणतो. लिहिताना तो स्ट्रोब आधीच मध्यावर ठेवून पाठवतो.

सोबत धावायचं तर वाट सारखी हवी. बोर्डावर सिग्नलला एक सेंटिमीटर जायला साधारण ०.०६७ नॅनोसेकंद लागतात. डीडीआर-४०० ला हे पचायचं. भावाच्या ३२०० मध्ये मात्र एका बिटाला सगळे मिळून ०.३१ नॅनोसेकंदच आहेत. दोन तारांत सेंटिमीटरभराचा फरक पडला तर खिडकीचा पाचवा हिस्सा गेला. मदरबोर्डावर प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या काही तारा उगाचच नागमोडी गेलेल्या दिसतात ना, त्या लांबी जुळवायला तशा काढलेल्या असतात.

तरीही गडबड होते आणि ती फसवी असते. संगणक चालू होतो, तासभर चालतो, मग मोठी फाइल उघडताना कोसळतो. अशा वेळी मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. चुका एकाच पत्त्यावर येत असतील तर चिपमधली ती जागा खराब असण्याची शक्यता जास्त. पत्ते निरनिराळे पण चुकणारा बिट दरवेळी तोच असेल, तर संशय त्या बिटाच्या तारेवर. मी बायोसमध्ये गती एक पायरी उतरवून बघतो. चुका थांबल्या तर खिडकी पुरत नव्हती असं समजायला हरकत नाही, आणि रॅम काढून सोन्याच्या पट्ट्या पुसून पुन्हा नीट बसवल्यावर कधी कधी जुनी गतीही परत मिळते.

भावाची रॅम मात्र ठणठणीत होती. त्याची दुसरी तक्रार होती की नवीन रॅम बसवल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहिला. त्या वेळात कंट्रोलर स्ट्रोब इंचाइंचाने मागेपुढे सरकवत होता. ठरावीक नमुना लिहायचा, वाचायचा, कुठे चुकतंय ते नोंदवायचं. खिडकीच्या दोन्ही चौकटी सापडल्या की मधोमध थांबायचं. हे प्रत्येक गटासाठी वेगळं. पुढच्या वेळी बहुतेक मशिनं जपून ठेवलेलं उत्तरच वापरतात, त्यामुळे ती झटकन उठतात.