97 टक्के अचूक, पण कुणावर तपासून?

सापडलेलं हाड पुरुषाचं की स्त्रीचं, हे न्यायवैद्यक तज्ज्ञाला बऱ्याचदा मोजमापांवरूनच ठरवावं लागतं. त्यासाठी डिस्क्रिमिनंट अ‍ॅनॅलिसिस ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात. लिंग आधीच माहीत असलेली हाडं मोजायची, दोन्ही गट जास्तीत जास्त वेगळे दिसतील असं एक सूत्र बांधायचं आणि नवं हाड त्या सूत्रात घालायचं. आर. ए. फिशर यांनी 1936 साली आयरिस फुलांची मापं वापरून ही पद्धत मांडली. पुढे शोधनिबंधांत ‘सूत्र 97 टक्के अचूक’ अशी वाक्यं येऊ लागली. अशा वाक्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही अचूकता कोणत्या हाडांवर तपासली?

पुष्कळदा उत्तर असतं, ज्यांवरून सूत्र बांधलं त्यांच्यावरच. याला रिसबस्टिट्यूशन म्हणतात. त्यात नेमकं काय बिघडतं ते कागदावर आकडे मांडून पाहता येतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. समजा, चार स्त्रियांमध्ये त्याचा व्यास 40, 41, 42 आणि 45 मिलिमीटर भरला, तर चार पुरुषांमध्ये 47, 48, 49 आणि 50. स्त्रियांची सरासरी 42, पुरुषांची 48.5. एकच माप आणि दोन सारखे गट असले की सीमारेषा दोन सरासरींच्या बरोबर मध्ये, म्हणजे 45.25 वर पडते. आठही हाडं आपापल्या बाजूला आहेत. अचूकता 100 टक्के!

आता 45 चं हाड बाजूला ठेवा आणि उरलेल्या सात हाडांवरून सीमा पुन्हा काढा. स्त्रियांची सरासरी 41 वर उतरते आणि सीमा 44.75 वर येते. बाजूला ठेवलेलं हाड आता पुरुषाचं ठरतं. मघाशी ते बरोबर ठरलं, कारण त्यानेच आपल्या गटाची सरासरी स्वतःकडे ओढून सीमा पलीकडे ढकलली होती. बाकीची सात हाडं अशीच एकेक करून बाजूला काढली तरी ती आपल्या जागी बरोबर राहतात. म्हणजे हिशेब आठपैकी सात, 87.5 टक्के. एकेक नमुना वगळून तपासण्याच्या या रीतीला लीव्ह-वन-आउट म्हणतात. क्रॉस-व्हॅलिडेशनचा हा एक प्रकार. डिस्क्रिमिनंट अ‍ॅनॅलिसिसमधल्या चुकांचं प्रमाण असं मोजण्याची रीत लाखेनब्रुक यांनी 1960 च्या दशकात रुळवली.

इथे माप एकच होतं. मापं वाढली की प्रत्येक हाडाला सूत्र स्वतःकडे ओढायला आणखी दिशा मिळतात. प्रत्येक गटात 20 नमुने घ्या आणि ज्यांचा लिंगाशी काडीचाही संबंध नाही असे 10 निव्वळ यादृच्छिक आकडे प्रत्येकापुढे लिहा. खरी अचूकता नाणेफेकीइतकीच, 50 टक्के असायला हवी. तरी रिसबस्टिट्यूशन सरासरीने 70 टक्क्यांच्या वर आकडा दाखवतं. 20 नमुने आणि 19 मापं असतील, तर गट कसेही पाडले तरी ते एका सरळ सूत्राने पूर्ण वेगळे करता येतात. उलट फिशर यांच्या माहितीत 150 फुलं आणि मापं फक्त चार होती, त्यामुळे तिथे दोन्ही पद्धतींत तीनच फुलं चुकतात. दोन आकड्यांमधली दरी नमुने आणि मापं यांच्या प्रमाणावर ठरते, म्हणून अहवालात दोन्ही आकडे शेजारी छापावेत. फक्त मोठा आकडा छापलेला दिसला, तर मी तो निबंध जरा सावधपणेच वाचतो.

एक चोरवाट मात्र क्रॉस-व्हॅलिडेशन करूनही उघडी राहते. संशोधक 30 मापं घेतो, सगळ्या हाडांवर तपासून त्यातली उत्तम पाच निवडतो आणि मग त्या पाचांचं लीव्ह-वन-आउट करतो. बाजूला ठेवलेल्या हाडाने मापं निवडायला आधीच हातभार लावलेला असतो. आकडा पुन्हा फुगतो आणि वर त्याला ‘क्रॉस-व्हॅलिडेटेड’ हे लेबल असतं. तयार सॉफ्टवेअर बहुधा निवड झाल्यानंतरचंच सूत्र तपासतं. खरी तपासणी हवी तर दर वेळी हाड वगळल्यावर मापांची निवडही पहिल्यापासून करावी लागते.

शिवाय एकूण टक्का एकटा पुरत नाही. संग्रहात 80 पुरुष आणि 20 स्त्रिया असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना पुरुष म्हटलं तरी 80 टक्के मिळतात. म्हणून किती पुरुष बरोबर ठरले आणि किती स्त्रिया, ते वेगवेगळं द्यावं. नमुने थोडे असतील तर टक्क्याला विश्वासमर्यादाही जोडावी, कारण आठपैकी सात हा आकडा एका हाडाने 12.5 टक्के हलतो.

आणि इतकं सगळं नीट केलं तरी वगळलेलं हाड त्याच संग्रहातलं असतं. जाइल्स आणि एलियट यांनी 1963 साली कवटीवरून लिंग ठरवण्याची जी सूत्रं दिली, ती अमेरिकेतल्या संग्रहांवर बांधलेली होती. शरीराची ठेवण वेगळी असलेल्या लोकसमूहात स्त्री-पुरुषांमधली सीमाच दुसरीकडे असते, आणि मूळ संग्रहातली एकेक कवटी कितीही वेळा वगळली तरी ती सरकलेली सीमा दिसत नाही. त्यासाठी त्या समूहातल्या, लिंग माहीत असलेल्या कवट्या मोजून सूत्र त्यांच्यावर चालवून पाहावं लागतं.